एकोणतीस किलोमीटर कमी

चॅलेंज संपलं त्या रात्री लीडरबोर्डवर आमच्या क्लबची बेरीज ४,३१८ किलोमीटर दिसत होती. आमचं लक्ष्य होतं शंभर मॅरेथॉन. एक मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, म्हणजे ४,२१९.५ किलोमीटर, बेचाळीस जणांनी मिळून तीस दिवसांत. बोर्डावरच्या आकड्याला भागलं तर १०२ मॅरेथॉन भरत होत्या. ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले, कुणी मेडलचा फोटो टाकला, कुणी पुढच्या वेळी दीडशेचं लक्ष्य ठेवू म्हणालं. आणि त्यानंतरच्या रविवारी सगळे जमले तेव्हा आमची कॅप्टन उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "आपली बेरीज ४,१९० आहे. शंभर मॅरेथॉनला साडेएकोणतीस किलोमीटर कमी पडले."

अशा भाषणांचा एक ठरलेला साचा असतो. एकूण आकडा, टाळ्या, मग "हे अंतर म्हणजे अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत", पहिल्या तिघांची नावं, सगळ्यांचे आभार, फोटो. ताईनं तसं केलं नाही. (आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा.) तिचं भाषण जेमतेम दहा मिनिटांचं होतं. पण एका महिन्याची बेरीज लोकांपुढे कशी मांडावी, हे मला त्या दहा मिनिटांत जितकं नीट कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं. त्या आकड्याची तपासणी करायला मी तिच्यासोबत बसलो होतो, त्यामुळे भाषणातल्या एकेका वाक्यामागे काय आहे हेही मला ठाऊक होतं. म्हणून हे लिहितोय.

आधी बोर्डावरच्या ४,३१८ चे ४,१९० कसे झाले ते सांगतो, कारण भाषणाचा पहिला भाग त्याच्यावरच होता.

ताईनं सगळ्या नोंदी एका शीटमध्ये उतरवल्या आणि सरासरी पेसप्रमाणे लावल्या, सगळ्यात वेगवान नोंद वर. वरच्या दोन ओळी बघताच काहीतरी गडबड आहे हे कळत होतं. एक नोंद ४२ किलोमीटरची, किलोमीटरला २ मिनिटं २० सेकंद या पेसनं. केनियाच्या केल्विन किप्टमनं २०२३ साली शिकागोत तेव्हाचा विश्वविक्रम करत २ तास ० मिनिटं ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा त्याचा पेस किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५१ सेकंद होता. आमच्या क्लबमध्ये त्याच्याहून अर्धा मिनिट वेगवान कुणी नाही. ती सायकल राइड होती. घड्याळात 'रन' निवडलेलं राहून गेलं होतं. ज्याची नोंद होती त्यानं विचारल्याबरोबर सांगितलं. त्याच्या ते लक्षातच आलेलं नव्हतं.

दुसरी नोंद ३८ किलोमीटरची होती, दीड तासाच्या थोडी वर. तिचे एकेका किलोमीटरचे स्प्लिट उघडले तर पहिले दहा किलोमीटर सहा मिनिटांच्या पेसनं, अगदी एकसारखे. अकराव्यापासून पुढे सव्वा मिनिटाला एक किलोमीटर. धावणं संपवून ती मुलगी घड्याळ बंद न करताच गाडीत बसली होती. दहा ठेवले, अठ्ठावीस काढले.

इथे एक खाचखळगा आहे, तो अशा चॅलेंजचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावा. सरासरी पेस लावून फक्त मोठ्या चुका सापडतात. कुणी पंधरा किलोमीटर सावकाश धावलं आणि घड्याळ चालू ठेवून तीन किलोमीटर गाडीतून गेलं, तर सरासरी छान साडेपाच-सहाची दिसते आणि नोंद यादीच्या मधोमध निमूट बसून राहते. ती सापडते फक्त स्प्लिट बघितल्यावर. म्हणून ताईनं दुसऱ्या फेरीत प्रत्येक नोंदीचा सगळ्यात वेगवान एक किलोमीटर काढला आणि तो त्या माणसाच्या नेहमीच्या वेगाशी ताडून पाहिला. त्यात आणखी काही निघालं नाही. पण ते पाहिल्याशिवाय ती उठली नाही.

सगळ्यात मोठी वजाबाकी मात्र कुणाच्या गाडीची नव्हती. दोघांच्या फोनवरून आणि घड्याळावरून, दोन्हीकडून, काही दिवस एकच धाव दोनदा चढली होती. अ‍ॅप सहसा अशी जोडी ओळखून एक बाजूला काढतं. इथे ती सुटली, कारण दोन नोंदी तंतोतंत सारख्या नव्हत्या. सुरुवातीच्या वेळेत मिनिटाभराचा फरक, आणि अंतरातही. एका सकाळची जोडी माझ्या चांगली लक्षात आहे, कारण आम्ही दोघं तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो. तोच माणूस, तोच रस्ता, तेच पाय. घड्याळ म्हणत होतं ८.१२ किलोमीटर, खिशातला फोन म्हणत होता ८.३१. दोन्ही ठेवणं शक्य नव्हतं. दोन उपकरणं असतील तर घड्याळाची नोंद धरायची हा नियम चॅलेंजच्या आधीच ठरलेला होता, म्हणून ८.१२ राहिले. अशा दुहेरी नोंदींचे मिळून ७१ किलोमीटर गेले.

आणि मग एक बेरीजही झाली. आमच्यातले एक काका घड्याळ वापरत नाहीत. ट्रॅकवर धावतात, फेऱ्या मोजतात, वहीत लिहितात, आणि महिनाअखेर वहीचा फोटो पाठवतात. रोज बारा फेऱ्या, म्हणून ४.८ किलोमीटर. ताईनं त्यांना फोन करून विचारलं, "काका, कुठल्या लेनमधून धावता?" ते म्हणाले, अगदी बाहेरच्या, वेगानं धावणाऱ्या पोरांना आतली मोकळी सोडायची असते ना. तर ट्रॅकची चारशे मीटरची फेरी ही फक्त सगळ्यात आतल्या लेनची, आणि तीही आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवर मोजलेली. एकेक लेन बाहेर जावं तशी वळणं मोठी होत जातात. आठव्या लेनची फेरी ४५३ मीटरची भरते. म्हणजे काकांच्या बारा फेऱ्या ४.८ किलोमीटर नव्हत्या, जवळजवळ ५.४४ होत्या. वहीत वीस दिवसांच्या नोंदी होत्या. वीस दिवसांचा फरक तेरा किलोमीटरच्या आसपास गेला, आणि तो त्यांच्या नावावर चढला.

४,३१८ मधून ४२, २८ आणि ७१ वजा, १३ जमा. राहिले ४,१९०.

ही सगळी गोष्ट तिनं भाषणात सांगितली, नावं न घेता. फक्त काकांचं नाव घेतलं, आणि ते त्यांना आधी विचारून. गाडीतल्या अठ्ठावीस किलोमीटरवर लोक हसले, ज्या मुलीचे ते होते ती पण हसली. काकांच्या आठव्या लेनवर टाळ्या पडल्या. मला वाटतं त्या क्षणी सभेचा सूर ठरला. बेरीज कमी होण्याची भीती असते ती कुणावर तरी संशय येईल म्हणून. आकडा दोन्ही बाजूंनी तपासला गेलाय, काढताना जी काळजी घेतली तीच घालतानाही घेतली, हे दिसल्यावर कुणाला काही लागलं नाही.

पण साडेएकोणतीस किलोमीटर! बेचाळीस माणसांमध्ये ते म्हणजे माणशी सातशे मीटर. मागच्या रांगेतून प्रश्न आलाच, आणि चांगला प्रश्न होता. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "ताई, जीपीएसची चूकच एक-दोन टक्के असते. चार हजारावर एक टक्का म्हणजे चाळीसच्या वर किलोमीटर. आपण एकोणतीसनं कमी आहोत. मग शंभर झाल्या असं का नाही म्हणायचं?"

त्याचं गणित बरोबर होतं. ४,१९० चा एक टक्का जवळजवळ ४२ किलोमीटर. म्हणजे ज्या अंतरानं आम्ही हुकलो ते आमच्या मोजमापाच्या चुकीहून लहान होतं. खरं सांगायचं तर शंभर झाल्या की नाही, हे त्या घड्याळांवरून छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नव्हतं.

ताईनं त्याला बसवलं नाही. तिनं आधी जीपीएस अंतर कसं काढतं ते सांगितलं. घड्याळ रस्ता मोजत नाही. ते सेकंदा-दोन सेकंदाला आपण कुठे आहोत याचा एक ठिपका टाकतं आणि ठिपक्यांना ठिपके जोडून लांबी काढतं. प्रत्येक ठिपका खऱ्या जागेपासून थोडा सरकलेला असतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आपल्याला वाटतं डावी-उजवी चूक एकमेकींना खाऊन टाकेल आणि शेवटी सगळं जागेवर येईल. जागेच्या बाबतीत ते खरं आहे, लांबीच्या बाबतीत नाही. सरळ रस्त्यावर डावी-उजवीकडे सरकलेले ठिपके जोडले की नागमोडी रेघ तयार होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा नेहमी लांबच असते. उंच इमारतींमधून धावताना सिग्नल भिंतींवर आपटून येतो, दाट झाडीत तो क्षीण होतो, तिथे ही नागमोड आणखी वाढते. उलटं फक्त वळणांवर होतं. घड्याळ बॅटरी वाचवण्याच्या मोडवर असेल आणि ठिपके दूरदूर पडत असतील, तर ते वळण कापून जोडले जातात आणि अंतर कमी भरतं. पण नेहमीच्या धावण्यात पारडं सहसा जास्तीकडेच झुकतं.

हे मॅरेथॉन धावलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही. फिनिश लाइन ओलांडताना घड्याळात ४२.५, कधी ४२.७ दिसतं, आणि नवखा धावणारा म्हणतो आयोजकांनी अंतर जास्त ठेवलं. तो मार्ग सायकलनं मोजलेला असतो. पुढच्या चाकाला एक मोजणी-यंत्र बसवतात, ठाऊक लांबीच्या पट्ट्यावर सायकल चालवून त्याचं प्रमाण ठरवतात, आणि मग धावणाऱ्याला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेनं, वळणाच्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, सगळा मार्ग मोजतात. वर हजारात एक या हिशेबानं, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर, मुद्दाम जास्त धरतात, मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून. धावणारा ती आदर्श रेषा पाळत नाही, लोकांना वळसे घालतो, पाण्याच्या टेबलाकडे सरकतो. त्यात घड्याळाची नागमोड मिळते. जास्तीचे तीनशे ते पाचशे मीटर असे जमतात.

"म्हणून," ताई त्या मुलाला म्हणाली, "चूक धरायचीच असेल तर ती धरून आपली बेरीज वर नाही जात, खाली येते. आणि बोर्डावर १०२ दिसत होते तेव्हा जीपीएसच्या चुकीची आठवण आपल्यापैकी कुणालाच झाली नव्हती. मग आत्ताच कशी झाली?"

मुलगा हसून खाली बसला. मला हे उत्तर फार आवडलं, कारण त्यात त्याचा मुद्दा खोडलेला नव्हता. चूक आहे, ती हुकलेल्या अंतराहून मोठी आहे, हे तिनं मान्यच केलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की घड्याळ जे म्हणेल ते धरायचं असं आपण पहिल्या दिवशी ठरवलं, तर शेवटच्या दिवशीही तेच धरायचं. तिनं एक गोष्ट आणखी केली. आकडा कुठेही ४,१९०.३७ असा दशांशासकट वाचला नाही, शीटमध्ये तो तसा असूनही. ज्या बेरजेत चाळीस किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकतात तिथे शेवटचे तीनशे सत्तर मीटर उच्चारायला काही अर्थ नसतो.

आणि तिनं दुसरा एक आकडा पुढे ठेवला, ज्याला जीपीएसचा स्पर्श नव्हता. महिनाभरात आम्ही मिळून ६७६ वेळा धावायला बाहेर पडलो. धाव दोन टक्के लांब मोजली गेली तरी ती एकच धाव राहते. माणशी सोळा. "हा आकडा माझ्या हातातून निसटत नाही," ती म्हणाली.

त्यानंतर ती माणसांकडे वळली. बेचाळीस जणांत ४,१९० वाटले तर सरासरी शंभराच्या अगदी जवळ येते, आणि कॅप्टनच्या भाषणात "आपण प्रत्येकी सरासरी शंभर किलोमीटर धावलो" हे वाक्य ऐकायला छान लागतं. ताईनं ते म्हटलं, आणि लगेच विचारलं, "शंभर किंवा त्याच्या वर गेलेल्यांनी हात वर करा." निम्मे हातही वर आले नाहीत. चेहऱ्यांवर थोडी शरम दिसली, म्हणजे आपण सरासरीहून खाली आहोत, आपण क्लबला मागे ओढलं, अशी.

मग तिनं बेरीज उलगडून दाखवली. सगळ्यात वरच्या सहा जणांनी १,२९० किलोमीटर केले. माणशी दोनशेच्या वर. हे जुने धावणारे, त्यांचा रोजचा सरावच तेवढा असतो, चॅलेंज नसतं तरी ते जवळपास इतकेच धावले असते. त्यांच्या खालच्या पंधरा जणांनी १,६८०. आणि उरलेल्या एकवीस जणांनी, म्हणजे बरोबर अर्ध्या क्लबनं, १,२२०. सगळ्यांना अंतराच्या क्रमानं ओळीत उभं केलं तर मधला माणूस ७४ किलोमीटरवर उभा होता, शंभरावर नाही. सहा जणांच्या मोठ्या आकड्यांनी सरासरी वर ओढली जाते. क्लबमधला खराखुरा 'मधला' धावणारा चौऱ्याहत्तरवाला असतो, आणि तो स्वतःला उगाचच कमी समजत बसतो.

"हे एकवीस जण," ती म्हणाली, "माणशी अठ्ठावन्न किलोमीटर. बघायला लहान. पण ते काढून टाका आणि सांगा आपण शंभरापैकी कितीवर येतो." कुणीतरी मोबाइलवर भागाकार केला. सत्तर. एकूण एकोणतीस मॅरेथॉन त्या अर्ध्या क्लबच्या होत्या, आणि वरच्या सहा जणांच्या साडेतीस. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच वजनाचे निघाले. त्या दोन आकड्यांची जोडी तिनं मुद्दाम केली होती. वरचे सहा जण कोण हे सगळ्यांना बोर्डावरून माहीत होतंच, त्यांची नावं तिनं घेतलीच नाहीत. एकवीस जणांपैकी मात्र ज्यांनी हा महिना आयुष्यातला पहिला धावण्याचा महिना म्हणून पूर्ण केला, त्यांना उभं केलं.

इथवर भाषण सगळ्यांना सुखावणारं होतं. नंतरचा भाग तसा नव्हता, आणि माझ्या मते तोच सगळ्यात गरजेचा होता.

तिनं महिना दिवसांत फोडला. पहिल्या आठवड्यात १,०४० किलोमीटर. दुसऱ्यात ९०५. तिसऱ्यात ७९०. उतार सरळ आहे, उत्साह ओसरतो, कामं असतात, पाय दुखतात. मग शेवटच्या नऊ दिवसांत १,४५५. आणि त्यातलेही ६९० फक्त अखेरच्या तीन दिवसांत. म्हणजे आधीच्या सहा दिवसांत रोज सव्वाशेच्या घरात असलेला क्लब शेवटचे तीन दिवस रोज २३० धावला.

लक्ष्य दिसायला लागलं की असंच होतं. ग्रुपवर रोज उरलेले किलोमीटर मोजले जात होते. "अजून साडेपाचशे!" "आज सगळ्यांनी दहा टाका!" असे मेसेज मीही वाचत होतो. पंचेचाळीसवर अडकलेल्याला वाटतं, चार दिवसांत पंचावन्न करून शंभर गाठू. आणि आमच्यात एकानं, ज्याची त्या महिन्यातली आणि आधीच्या महिन्यातलीही सगळ्यात लांब धाव नऊ किलोमीटरची होती, एकोणतीस तारखेला चोवीस किलोमीटर केले. ग्रुपवर त्याला चाळीस अंगठे मिळाले. ताईनं त्याचं नाव घेतलं नाही, पण "चोवीस" हा आकडा उच्चारला तेव्हा तो मान खाली घालून ऐकत होता.

२०२५ साली पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचा तिनं दाखला दिला. त्यात असं दिसलं की दुखापतीचा धोका वाढतो तो मुख्यतः एखादी एकटी धाव मागच्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लांबली की. आठवड्याच्या बेरजेची आपण जी काळजी करत बसतो, तिच्यापेक्षा त्या एका सकाळची उडी महत्त्वाची. आणि महिन्याच्या बेरजेला ती उडी दिसतच नाही. नऊ-नऊच्या अडीच-तीन धावा आणि चोवीसची एक धाव, बोर्डावर दोन्ही सारख्याच.

मग तिनं हाडांबद्दल सांगितलं, आणि हे मात्र सगळे अगदी कान देऊन ऐकत होते. नव्यानं धावणाऱ्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, त्याला वाटतं आता जमतंय. पण नडगीचं किंवा पावलाचं हाड त्या वेगानं तयार होत नाही. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड थोडं थोडं कोरून काढतं आणि नंतर त्या जागी नवं भरतं. कोरण्याला काही आठवडे लागतात, भरण्याला काही महिने. मधल्या काळात हाड आधीपेक्षा मजबूत नसतं, उलट थोडं कमजोर असतं. चॅलेंजचा तिसरा-चौथा आठवडा नेमका तिथेच येतो. दम सगळ्यात जास्त, हाड सगळ्यात नाजूक, आणि ग्रुपवर "आज दहा टाका."

ओळखायचं कसं, तेही तिनं वाकून स्वतःच्या पायावर दाखवलं. नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर लांब दुखत असेल, धावायला लागल्यावर थोडं सैल पडत असेल, तर ते बहुतेक शिन स्प्लिंट. अंतर कमी करा, थांबून बघा. पण एका बोटानं दाबल्यावर "हां, इथेच" अशी एकच जागा दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, धावताना दुखणं वाढतच जात असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर धावणं त्या दिवशीच बंद आणि डॉक्टरकडे. आणि पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही म्हणून परत धावायला लागू नका. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. "चॅलेंज संपलं म्हणून तुम्ही सुटलात असं नाही," ती म्हणाली, "शेवटच्या तीन दिवसांचं जे काही असेल ते यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत बोलायला लागेल. तोवर सगळ्यांनी रोज बोटानं दाबून बघा."

हे ऐकताना मला वाटलं, दुसरा एखादा कॅप्टन याच ६९० किलोमीटरवर भाषणाचा कळस चढवेल. शेवटच्या तीन दिवसांत टीमनं कशी झेप घेतली, हीच गोष्ट रंगवून सांगेल, आणि ती खोटी नसेलही. लोकांनी खरंच जीव तोडून धाव घेतली होती. ताईनं त्यांच्या कष्टांना नावं ठेवली नाहीत. पण त्या तीन दिवसांचं कौतुक केलं तर पुढच्या चॅलेंजमध्ये तेच तीन दिवस पुन्हा घडतील, हे तिला दिसत होतं. भाषणात ज्याचे आभार मानाल ते पुढच्या महिन्यात वाढतं. तिनं मग तिसऱ्या आठवड्यात, बेरीज सगळ्यात खाली असताना, ज्यांनी आपलं नेहमीचं तीन-चार दिवसांचं वेळापत्रक न चुकवता पाळलं त्यांचे आभार मानले. अशी अकरा माणसं होती. त्यातली बरीचशी त्या एकवीस जणांतलीच निघाली.

शेवटी नवा नियम. पुढच्या वेळी घड्याळ काहीही म्हणो, एका धावेतलं अंतर मोजलं जाईल ते त्या माणसाच्या मागच्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेच्या दहा टक्के वरपर्यंतच. ज्याची लांब धाव नऊची, त्यानं चोवीस केले तरी बेरजेत ९.९. तिथून पुढचे किलोमीटर त्याचे स्वतःचे, क्लबचे नाहीत. शिवाय शेवटच्या पाच दिवसांत बोर्ड बंद राहील. नोंदी घेतल्या जातील, पण उरलेलं अंतर कुणालाच दिसणार नाही.

वरच्या सहांपैकी एकानं विचारलं की हा नियम या महिन्याला लावला असता तर? तो प्रश्न येणार हे तिला माहीत होतं, आम्ही ते आदल्या रात्रीच काढून ठेवलं होतं. ३,९८५. शंभर मॅरेथॉनच्या जवळपासही नाही. तिनं तो आकडा पहिल्या आकड्याइतक्याच ठाम आवाजात वाचला. थोडा वेळ कुजबुज झाली. एकजण म्हणाला, मग लक्ष्यच कमी करावं लागेल. काकांनी विचारलं, ट्रॅकवाल्यांना लेन लिहून पाठवायची का? ताई म्हणाली, हो काका, लेनचा नंबर आणि फेऱ्या, दोन्ही लिहा.

चोवीसवाला मुलगा सगळ्यात शेवटी बोलला. तो म्हणाला, "ताई, मग पुढच्या वेळी माझी सुरुवातीची मर्यादा चोवीसवर धरणार की नऊवर?" नियमाप्रमाणे चोवीसची धाव मागच्या तीस दिवसांत येत होती, म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला २६.४ ची मुभा मिळणार होती. हे भोक आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ताईनं तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं: चॅलेंजच्या शेवटच्या तीन दिवसांतल्या धावा पुढच्या वेळची मर्यादा ठरवताना धरायच्या नाहीत. मग त्याला विचारलं, नडगी कशी आहे? तो म्हणाला, उजवी थोडी दुखतेय. तिनं त्याला तिथेच खुर्चीवर बसवलं, बूट काढायला लावला, आणि बाकीचे फोटोसाठी जमत होते तेवढ्यात ती गुडघ्यावर बसून त्याच्या नडगीवर वरपासून खालपर्यंत एकेक बोट दाबत विचारत होती, "इथे? इथे? आणि इथे?"